माणूस अमिरातीत अटकेत, घरचे कोकणात: पहिल्या दिवसापासून काय करायचं

आखातातून असा फोन येतो तो बहुतेक वेळा रूममेटचा असतो. ‘त्याला पोलीस घेऊन गेले’ यापलीकडे त्यालाही फारसं माहीत नसतं. घरात रडारड सुरू होते आणि तासाभरात आमदारापासून ओळखीच्या ट्रॅव्हल एजंटपर्यंत सगळ्यांना फोन जातात. त्या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: पासपोर्ट नंबर काय, कुठल्या पोलीस ठाण्यात आहे? त्याचं उत्तर त्या क्षणी कुणाकडेच नसतं. म्हणून पहिलं काम माहिती गोळा करण्याचं.

उदाहरण घेऊ. समजा, चिपळूणजवळच्या गावातला एक ड्रायव्हर शारजात नोकरी करतो. सुट्टीवरून परत जाताना रूममेटच्या घरच्यांनी त्याच्याकडे कंबरदुखीच्या गोळ्यांची पिशवी दिली. गोळ्या ट्रॅमाडॉलच्या होत्या. हे औषध संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित यादीत आहे आणि ते नेण्याआधी तिथल्या सरकारची परवानगी लागते. शारजा विमानतळावर पिशवी उघडली गेली आणि त्याला अटक झाली.

घरच्यांनी त्याच रात्री एका कागदावर हे उतरवावं: पासपोर्टवर असेल तसंच संपूर्ण नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, व्हिसा आणि एमिरेट्स आयडीचा नंबर, कंपनीचं नाव, कंपनीच्या पीआरओचा फोन, विमानाचा क्रमांक, अटकेची तारीख आणि जागा. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो बहुधा घरातल्याच कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असतो. नाहीतर ज्या एजंटने व्हिसा काढला त्याच्याकडे प्रत असते. माणसाला कुठे ठेवलंय हे शोधायला सगळ्यात जवळचा दुवा म्हणजे पीआरओ. त्याला व्हॉट्सॲपवर लेखी विचारा: कुठलं पोलीस ठाणं, कुठला केस नंबर. पुढे हा नंबर हाती असला की दूतावास आणि वकील, दोघांचं काम सोपं होतं.

वेळ थोडा असतो. तिथल्या कायद्यानुसार पोलिसांनी आरोपीला 48 तासांच्या आत पब्लिक प्रॉसिक्युशनपुढे, म्हणजे सरकारी अभियोग कार्यालयापुढे, हजर करायचं असतं. तिथे त्याचा जबाब होतो आणि त्यावर पुढची कोठडी ठरते. कामकाज अरबीत चालतं. दुभाषी मागण्याचा हक्क आरोपीला आहे, पण घाबरलेला माणूस ‘थोडं इंग्रजी समजतं’ म्हणून मान डोलावतो आणि न वाचता सही करतो. वाहक म्हणून नेलेल्या गोळ्या ‘माझ्याच आहेत’ असं एकदा जबाबात आलं की ते पुसायला वकिलाला महिनोन्‌महिने लागतात. त्याच्याशी एक मिनिट जरी बोलायला मिळालं तरी तीन गोष्टी सांगा. हिंदी दुभाषी माग. न समजलेल्या कागदावर सही करू नकोस. आणि भारतीय दूतावासाला कळवा, असं स्वतःच्या तोंडाने सांग.

तिसऱ्या गोष्टीचं कारण नीट समजून घ्यायला हवं. 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या 36 व्या कलमानुसार अटक झालेल्या परदेशी माणसाला हा हक्क सांगणं पोलिसांचं कर्तव्य आहे, आणि त्याने मागणी केली तर विनाविलंब त्याच्या देशाच्या दूतावासाला कळवायचं असतं. आरोप कितीही गंभीर असला तरी हा हक्क उरतो. कुलभूषण जाधव प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 17 जुलै 2019 च्या निकालात तेच सांगितलं. तिथे तर आरोप हेरगिरीचा होता. पण मागणी कैद्याने करायची असते. अनेक जण ‘गावात कळेल’ या भीतीने दूतावास नको म्हणतात. त्याने तसा स्पष्ट विरोध केला तर दूतावासाचे अधिकारी त्याच्या वतीने काही करू शकत नाहीत, आणि तुरुंग प्रशासनही खासगीपणाच्या नियमांमुळे त्याची माहिती देत नाही. अशा वेळी घरच्यांनी रूममेटमार्फत एवढा एकच निरोप पोचवावा की घरी कळलंय, कुणी रागावलेलं नाही, दूतावासाला हो म्हण. हा निरोप मी सर्वांत मोलाचा मानतो.

आता दूतावासाकडे जाऊ. अमिरातीत भारताची दोन कार्यालयं आहेत. अबू धाबी आणि अल ऐनचं प्रकरण अबू धाबीतल्या राजदूतावासाकडे जातं. दुबई, शारजा, अजमान, उम्म अल क्वैन, रास अल खैमा आणि फुजैरा हे दुबईतल्या वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतात. आपला ड्रायव्हर शारजात आहे, म्हणजे पत्र दुबईला. परराष्ट्र मंत्रालयाच्या madad.gov.in या पोर्टलवर नाव नोंदवून तक्रार टाका, विषयात परदेशी तुरुंगवास निवडा आणि पासपोर्टची प्रत व नात्याचा पुरावा जोडा. मिळालेला नोंदणी क्रमांक जपून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक पत्रात लिहा. फोन, ट्विट, मंत्र्यांचं पत्र यांचा उपयोग होतो, पण क्रमांक असलेली लेखी नोंद नसेल तर उद्या ‘आम्हाला कळवलंच नव्हतं’ असं ऐकावं लागतं. दूतावासाच्या मदतीला शुल्क लागत नाही. ‘आत माझी ओळख आहे’ म्हणून कुणी पैसे मागितले तर तो दूतावासाचा माणूस नसतो.

पत्रात ‘कृपया सोडवा’ लिहून थांबू नका. नेमकं विचारा. कैद्याला भेटायची परवानगी मागितली का? तो कुठे आहे? प्रॉसिक्युशनमध्ये दुभाषी होता का? त्याने काही सही केली का? मधुमेह, रक्तदाबाची औषधं मिळतात का? घरच्यांना माहिती द्यायला आणि वकील नेमायला त्याची संमती आहे का? भेट झाली की या प्रश्नांची उत्तरं मागा.

दूतावासाच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. त्यांचे अधिकारी कोर्टात वकिली करत नाहीत, जामीन मिळवून देऊ शकत नाहीत, तपासात ढवळाढवळ करू शकत नाहीत. भारतीय वस्ती मोठी असलेल्या देशांत ते स्थानिक वकिलांची यादी ठेवतात, आणि इंडियन कम्युनिटी वेलफेअर फंडातून गरजू माणसाला कायदेशीर मदत, किरकोळ दंड, परतीचं तिकीट यासाठी पैसे मिळू शकतात. हा निधी आर्थिक परिस्थिती पाहून दिला जातो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराकडून वेळेत काढून ठेवा.

वकिलाच्या बाबतीत इथल्या घरांची हमखास फसगत होते. दुबई, शारजाच्या कोर्टात उभं राहून बाजू मांडायचा अधिकार तिथे परवाना असलेल्या अ‍ॅडव्होकेटलाच असतो. ऑफिसच्या पाटीवर भारतीय नाव दिसलं तर तो बहुधा लीगल कन्सल्टंट असतो. तो कागद तयार करेल, तुमच्याशी हिंदीत बोलेल, पण कोर्टात दुसराच कुणीतरी उभा राहील. ते चालतं, फक्त कोर्टात कोण येणार त्याचं नाव आणि परवाना क्रमांक करारात लिहून घ्या आणि दूतावासाच्या यादीशी पडताळा. फी टप्प्यांनुसार ठरवा: प्रॉसिक्युशन, पहिलं कोर्ट, अपील, कॅसेशन हे वेगवेगळे टप्पे आहेत. ‘एकदाच द्या, सोडवून आणतो’ म्हणणारा वकील नको. निकालाची हमी देणाराही नको. जन्मठेप किंवा मृत्युदंड होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात आरोपीला वकील नसेल तर कोर्टच नेमतं, आणि इतर गंभीर गुन्ह्यांत खर्च परवडत नसल्याचं सांगून तशी मागणी करता येते. ही गोष्ट अनेक घरांना माहीतच नसते.

वकील कैद्याचा असतो, घरच्यांचा नाही. वकीलपत्रावर कैद्याचीच सही लागते आणि ती तुरुंग प्रशासनामार्फत घ्यावी लागते. याला दिवस जातात. वकील ठरला की दूतावासाला त्याच दिवशी कळवा, म्हणजे पुढच्या भेटीत हे कागदही होऊ शकतात. निकाल विरोधात लागला तर अपिलाची मुदत जेमतेम 15 दिवसांची असते. म्हणून निकालाच्या दिवशी वकील हजर राहील का, हे आधीच विचारून ठेवा.

आता ज्या कामात घरच्यांची जागा दुसरं कुणी घेऊ शकत नाही, ते काम. ड्रायव्हरच्या बचावाचा गाभा चिपळूणमध्ये आहे. गोळ्या रूममेटसाठी होत्या याचा पुरावा म्हणजे रूममेटच्या नावाची डॉक्टरांची चिठ्ठी, मेडिकलचं बिल, पिशवी देतानाचे व्हॉट्सॲपचे संदेश आणि रूममेटचा लेखी जबाब. चिठ्ठीची तारीख औषध घेण्याच्या आधीची आहे का, गोळ्यांची संख्या जुळते का, हे आधी स्वतः तपासा. विसंगत कागद दिलात तर तोच उलटतो. नंतर चिठ्ठी तयार करून घेणं तर अजिबात नको. डॉक्टर, घरचे आणि आरोपी तिघेही अडकतात.

हे कागद तसेच व्हॉट्सॲपने पाठवून कोर्टात चालत नाहीत. अमिरातीसाठी अपॉस्टिलवर भागत नाही. कागद नोटरीकडे, मग राज्य शासनाकडे, मग परराष्ट्र मंत्रालयाकडे, मग अमिरातीच्या इथल्या दूतावासाकडे जातो, आणि तिथे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. अरबी भाषांतर तिथल्या न्याय मंत्रालयाच्या परवानाधारक भाषांतरकाराकडूनच करावं. म्हणून आधी वकिलाला फोटो पाठवा आणि कोणता कागद खरंच लागणार ते विचारा. वीस कागदांना शिक्के मारून घेण्यात पैसे आणि आठवडे वाया जातात.

इथल्या पुराव्याने काय होऊ शकतं हे मुंबईच्या एका जोडप्याच्या प्रकरणात दिसलं. 2019 मध्ये दोहाच्या विमानतळावर त्यांच्या सामानात चार किलोंहून अधिक चरस सापडलं आणि त्यांना 10 वर्षांची शिक्षा झाली. सामान नातेवाइकांनी दिलं होतं. घरच्यांनी मुंबईत तक्रार केली, नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोने तपास करून सामान देणाऱ्यांना पकडलं, आणि तो तपास कतारपर्यंत पोचवला गेला. तिथल्या कोर्टाने प्रकरण पुन्हा ऐकायला लावलं आणि 2021 मध्ये दोघं निर्दोष सुटून घरी आले. पिशवी दुसऱ्याने दिली असेल, तर त्या दुसऱ्याविरुद्ध भारतात लेखी तक्रार तातडीने द्यायलाच हवी, मग तो कितीही जवळचा नातेवाईक असो.

दरम्यान फेसबुकवर न्यायाची मोहीम चालवू नका. अमिरातीचा सायबर कायदा कडक आहे, आणि कंपनीवर किंवा अधिकाऱ्यावर केलेला आरोप आतल्या माणसाला महागात पडू शकतो. कंपनीशी पगार आणि गाडीच्या हिशेबाचा पत्रव्यवहार सुरू ठेवा. तो कामावर आला नाही म्हणून पळून गेल्याची नोंद होऊ नये यासाठी अटकेची माहिती कंपनीला लेखी द्या.

शिक्षा झालीच तर भारत आणि अमिरातीत 2011 मध्ये कैदी हस्तांतराचा करार झालेला आहे. कैद्याची स्वतःची इच्छा, निकाल अंतिम झालेला असणं आणि दोन्ही सरकारांची संमती लागते. अर्ज तुरुंगातून आणि दूतावासामार्फत जातो. यालाही बराच काळ लागतो, त्यामुळे निकाल अंतिम होताच दूतावासाकडे विचारणा करा. आणि सुटकेचा हुकूम हातात आला तरी माणूस लगेच विमानात बसत नाही. दंड थकलेला असतो, पासपोर्ट कंपनीकडे किंवा पोलिसांकडे अडकलेला असतो, हद्दपारीचे कागद व्हायचे असतात. तेव्हा आपत्कालीन प्रवास दाखला आणि तिकिटासाठी दूतावासाला सुटकेच्या अंदाजे तारखेच्या महिनाभर आधीच पत्र द्या, त्याच जुन्या नोंदणी क्रमांकासह.