वळवाच्या पावसानंतर एका रात्रीत मासे का मरतात?

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या धरणात मे महिन्यात वळवाचा जोराचा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी काठाला मेलेल्या माशांचा खच पडला होता. पाण्याला कुजका वास येत होता. कुणीतरी विष कालवलं, असं गावात बोललं जातं. विष न घालता एका रात्रीत एवढे मासे मरू शकतात का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : मरू शकतात. त्यासाठी लागणारी सगळी सामग्री त्या जलाशयातच असते. उन्हाळाभर ती तळाशी साठत राहते आणि एका वादळी रात्री वर येते.

बादलीत गार पाण्यावर हळूच कढत पाणी ओतलं, तर हात घालेपर्यंत वरचं कढत आणि तळाचं गार राहतं. खोल जलाशयात उन्हाळ्यात हेच होतं. ऊन वरचे काही मीटर पाणी तापवतं, ते हलकं होऊन वरच राहतं. वारा त्याला घुसळतो, पण त्याचा जोर खालच्या जड पाण्यापर्यंत पोचत नाही. दोन्हींच्या मध्ये एक पातळ पट्टा तयार होतो. या पट्ट्यात थोडं खाली गेलं तरी तापमान झपाट्याने उतरतं.

आपल्याकडे तळाचं पाणी वरच्यापेक्षा अनेकदा दोनतीन अंशांनीच गार असतं. एवढ्याशा फरकाने थर टिकतात कसे? पाणी जसजसं तापतं, तसतसं एकेक अंश त्याला अधिकाधिक हलकं करत जातो. त्यामुळे 28 आणि 30 अंशांच्या पाण्याच्या घनतेत जेवढा फरक असतो, साधारण तेवढाच 4 आणि 13 अंशांच्या पाण्यात असतो. उष्ण प्रदेशात दोन अंशांचा फरकही थर पक्के धरून ठेवायला पुरतो. मात्र तो मोडायलाही वरचं पाणी दोनच अंश गार व्हावं लागतं, आणि ते एका पावसाळी रात्रीत होऊ शकतं. थंड देशांत शरद ऋतूत हीच उलथापालथ कित्येक आठवडे हळूहळू चालते आणि बहुधा माशांना त्रास न देता पार पडते.

थर टिकून असतात तेव्हा तळाशी काय चालतं, ते महत्त्वाचं. वरून मेलेलं शेवाळ, पालापाचोळा आणि विष्ठा खाली पडत राहते. जिवाणू ती कुजवतात आणि त्यात तिथला प्राणवायू खर्च होतो. वरून नवा प्राणवायू येत नाही, कारण मधला पट्टा आड येतो. अंधारामुळे तळाशी शेवाळही तो तयार करत नाही. काही आठवड्यांत तळचं पाणी प्राणवायूविना उरतं. कुजणं मात्र थांबत नाही, ते प्राणवायूशिवाय चालतं. त्यातून अमोनिया, मिथेन, विरघळलेलं लोह आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो.

मग वळीव येतो. आकाश भरून येतं, गार वारा सुटतो, पावसाचं गार पाणी पडतं. वरचा थर निवतो, त्याचा हलकेपणा जातो आणि वारा जलाशय तळापर्यंत ढवळून काढतो. नुकसान किती, ते एका सोप्या हिशेबाने पाहू. वरच्या 5 मीटर पाण्यात लिटरमागे 7 मिलिग्रॅम प्राणवायू आहे आणि खालच्या 10 मीटरमध्ये तो शून्य आहे. दोन्ही पाण्यांचं आकारमान खोलीच्याच प्रमाणात धरलं, तर सगळं मिसळल्यावर लिटरमागे सुमारे 2.3 मिलिग्रॅम उरतो. रोहू, कटला 3 च्या खाली गेलं की तडफडू लागतात. पण खरी हानी यापुढे होते. तळातून वर आलेले सल्फाइड आणि लोह उरलासुरला प्राणवायूही ओढून घेतात. हायड्रोजन सल्फाइड तर अगदी अल्प प्रमाणातही माशांना विषारी असतो. ढगांमुळे दुसऱ्या दिवशी शेवाळाकडूनही पुरेसा प्राणवायू मिळत नाही. मासा खाली जाऊन सुटू शकत नाही आणि वरही त्याला जागा उरत नाही.

फिलिपिन्समधल्या ताल सरोवरात मे 2011 च्या अखेरीस हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. ज्वालामुखीच्या खोलगटात साठलेलं हे सरोवर 170 मीटरच्या आसपास खोल आहे. तिथे तरंगत्या पिंजऱ्यांत मिल्कफिश आणि तिलापिया, म्हणजे उजनीकाठची चिलापी, दाटीवाटीने वाढवतात. उरलेलं खाद्य आणि विष्ठा तळाशी जात राहते. उन्हाळा सरता सरता हवा अचानक पालटली, पाऊस आला आणि शेकडो टन मासे मेले. तिथल्या मत्स्यव्यवसाय खात्याने प्राणवायू घटल्याचं कारण सांगितलं आणि पिंजऱ्यांच्या दाटीलाही दोष दिला. मला हा दोष योग्य वाटतो. पाऊस दरवर्षीच येतो. तळाशी किती कुजणारं साठू द्यायचं, हे मात्र माणसं ठरवतात. शिवाय पिंजऱ्यातल्या माशाला काठाकडे किंवा ओढ्याच्या मुखाकडे, चांगल्या पाण्याकडे पळून जाण्याचीही सोय नसते.

तुमच्या धरणात हेच झालं का? महाराष्ट्रातली अनेक धरणं मे महिन्यात इतकी आटलेली असतात की वारा त्यांना रोजच ढवळतो. तिथे थर टिकतच नाहीत. अशा ठिकाणी पहिल्या पावसाबरोबर वाहून आलेली घाण किंवा रसायनं हे कारण अधिक संभवतं. त्यामुळे खुणा पाहून ठरवावं लागतं. पाणी उलटलं असेल, तर त्याचा रंग एकाएकी करडा किंवा काळपट होतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो. मोठे मासे आधी मरतात, लहान पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसतात. मरळ आणि मागूर बहुधा वाचतात, कारण त्यांना बाहेरची हवा थेट घेता येते. मरळ, बेडूक, गोगलगायी आणि पाण्यातले किडेही मेले असतील, तर विषाचा संशय धरावा आणि पाण्याचा व माशांचा नमुना लगेच प्रयोगशाळेत द्यावा. पाणी उलटलेल्या रात्रीनंतर उशीर झाला, तर प्राणवायूचं मोजमापही काही सांगत नाही, कारण वारा तो भरून काढतो.

पुढच्या उन्हाळ्यात थर बनतात का, हे स्वतः पाहता येईल. बाटलीला वजन बांधून बूच सैल लावा आणि बुचाला वेगळी दोरी बांधा. बाटली हव्या त्या खोलीवर सोडून बूच ओढा, वर काढताच तापमान मोजा. हे पहाटे करा, कारण दुपारी उन्हाने तापलेला वरचा थोडासा थर फसवतो. पहाटेही सहा मीटरवरचं पाणी पृष्ठभागापेक्षा दीड-दोन अंशांनी गार असेल आणि त्याला वासही येत असेल, तर पिंजरेवाल्यांनी ढगाळ दिवसांत खाद्य थांबवावं आणि वळवाआधीच विकण्याजोगे मासे काढून घ्यावेत. हवा सोडून तळ ढवळण्याचे पंपही मिळतात. ते थर बनण्याआधी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला चालू करावे लागतात. मेच्या शेवटी, थर पक्के झाल्यावर एकदम जोरात चालवले, तर वळवाने केलं असतं तेच ते स्वतः करतात.