आरोग्य पाठ : मधुमेही आईच्या बाळाचे पहिले काही तास



रात्री नऊ वाजता एका आदिवासी पाड्यावरच्या बाईची प्रसूती झाली. बाळ ४ किलो १०० ग्रॅम वजनाचे, गोबऱ्या गालांचे आणि लाललाल. ते लगेच रडले. आजी आनंदाने म्हणाली, “असं गुटगुटीत लेकरू आमच्या घरात पहिल्यांदाच झालं. आता झोपू द्या त्याला.” सिस्टरने मात्र बाळाला झोपू दिले नाही. आईच्या कार्डावर सातव्या महिन्यातल्या तपासणीचा आकडा होता, १६८. आईला गरोदरपणातला मधुमेह होता. (ही घटना एका बाळाची नाही. अशा बाळंतपणांत जे घडते ते समजावे म्हणून ती येथे एकत्र करून सांगितली आहे.)

हा आकडा पाहून सिस्टर सावध का झाल्या, ते समजून घेऊ.

पोटात असताना बाळाला साखर आईच्या रक्तातून वारेमधून मिळते. आईचे इन्सुलिन मात्र वारेतून पलीकडे जात नाही. आईच्या रक्तात साखर जास्त असली की बाळाकडेही जास्त जाते आणि ती आवरण्यासाठी बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करू लागते. जास्त साखर आणि जास्त इन्सुलिन यांमुळे अंगावर चरबी चढते आणि बाळ मोठे दिसते. म्हणजे आजीला जे बाळसे वाटले, ते खरे तर धोक्याचे चिन्ह होते.

नाळ कापली की साखरेचा पुरवठा एका क्षणात थांबतो. बाळाच्या अंगातले इन्सुलिन मात्र तसेच राहते आणि उरलेली साखर झपाट्याने खाली आणते. जन्मानंतर पहिल्या एक-दोन तासांत प्रत्येक बाळाची साखर थोडी उतरते, पण निरोगी बाळ यकृतातला साठा आणि अंगातली चरबी वापरून सावरते. मधुमेही आईच्या बाळात जास्तीचे इन्सुलिन हे दोन्ही मार्ग अडवून धरते. अंगावर चरबी भरपूर, पण ती मेंदूच्या उपयोगी पडत नाही. साखर फार खाली जाऊन बराच वेळ तशीच राहिली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

म्हणून पहिले काम दूध पाजण्याचे. सिस्टरने बाळाला कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवले आणि वरून दोघांना पांघरूण घातले. गारठलेले बाळ ऊब राखण्यासाठी साखर जाळते, म्हणून त्याला लगेच आंघोळही घातली नाही. अर्ध्या तासाच्या आत बाळ छातीला लागले. पहिला पिवळसर चीक काही चमचेच येतो. पण या वेळी तेवढाच लागतो, आणि तो टाकून दिला तर बाळाच्या तोंडचा घास जातो. मध, गुळाचे पाणी किंवा साखरेचे पाणी देऊ नये. नुसत्या गोड पाण्याने साखर झटकन चढते, त्यामुळे आणखी इन्सुलिन सुटते आणि साखर पुन्हा उतरते. दुधात साखरेबरोबर स्निग्धांश आणि प्रथिने असल्याने ते जास्त वेळ टिकते. मधातून तर तान्ह्या बाळाला घातक जंतुबाधाही होऊ शकते.

दुसरे काम साखर मोजण्याचे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा बाळाची पहिली तपासणी जन्मानंतर एका तासाने करतात. पुढे दर चार तासांनी, दूध पाजण्याआधी, चार आकडे नीट येईपर्यंत ती चालू ठेवतात. एक डेसिलिटर रक्तात ४५ मिलिग्रॅमपेक्षा कमी साखर आली तर उपाय सुरू करायचे.

रात्री दहा वाजता सिस्टरने बाळाची टाच कोमट ओल्या फडक्याने शेकली, स्पिरिट लावून पूर्ण वाळू दिले आणि टाचेच्या कडेला टोचले. मधोमध टोचत नाहीत, कारण तेथे हाड जवळ असते. पहिला थेंब पुसून दुसरा ग्लुकोमीटरच्या पट्टीवर घेतला. आकडा आला ३८. बाळ जागे होते, अंगात जोर होता, ओढूनही पीत होते. म्हणून पुन्हा छातीला लावले आणि आईने हाताने पिळून काढलेला चीक वाटी-चमच्याने पाजला. अकरा वाजता आकडा ५२ झाला. त्यानंतर दर दोन तासांनी दूध द्यायचे ठरले. रात्री एक वाजता आजी पुन्हा म्हणाली, “निजलंय, राहू द्या.” सिस्टर म्हणाल्या, “आजी, आज याला उठवूनच पाजायचं. हे बाळ भूक लागली म्हणून रडेलच असं नाही.” पहाटे तीनला ४९, सातला ५६, अकराला ५८ आणि दुपारी तीनला ६१. चार आकडे नीट आले, तेव्हा टोचणे थांबले.

अकरा वाजताचा आकडा ४५ च्या वर आला नसता, तर बाळाला सलाइन लावून नवजात शिशू कक्षात हलवावे लागले असते. आकडा २० च्या खाली गेला, तर दुधाची वाट पाहत नाहीत. १० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे २ मिली, म्हणजे या बाळाला सुमारे ८ मिली, शिरेतून देतात आणि मागोमाग सलाइन चालू ठेवतात.

ग्लुकोमीटर मोठ्यांच्या मधुमेहासाठी बनवलेला असतो. इतक्या खालच्या आकड्यांत तो थोडा चुकू शकतो. शक्य असेल तेथे प्रयोगशाळेत खात्री करावी, पण तो अहवाल येईपर्यंत उपचार थांबवू नये.

मशीन नसेल तर बाळाकडे पाहूनच ओळखावे, असे काहींना वाटते. अडचण ही की साखर बरीच उतरली तरी पुष्कळ बाळे शांत झोपलेली दिसतात. लक्षणे दिसतात तेव्हा ती अशी : अंग लुळे पडणे, ओढून न पिणे, बारीक किंवा विचित्र रडणे, हातपाय थरथरणे, अंग गार किंवा निळसर होणे, मध्येच श्वास थांबणे. थरथरणारा हात हलकेच धरल्यावर थरथर थांबत नसेल, तर ती फीट असू शकते. यांपैकी काहीही दिसले तर बाळाला आईच्या छातीशी उबेत ठेवून तडक दवाखान्यात न्यावे. पिऊ शकत असेल तरच वाटेत पाजावे. लुळ्या बाळाच्या तोंडात काही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

हे सारे त्या कार्डावरच्या एका आकड्यामुळे वेळेवर झाले. ती तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी साखर पाहतात. उपाशी असण्याची गरज नाही. १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा ती करायची असते. जिची तपासणी झालेलीच नाही अशा आईला चार किलोचे बाळ झाले, तर त्यालाही याच बाळासारखे जपावे : तासाच्या आत पाजावे, तासाने मोजावे आणि पहिल्या रात्री उठवून पाजत राहावे.