एकट्या राहणाऱ्या मावशीला दिवाळीचा फोन

या वेळचा पाठ फोनवरच्या बोलण्याचा आहे. दिवाळीत आपण एकट्या राहणाऱ्या मावशीला, आत्याला फोन लावतो. "बरी आहेस ना?" विचारतो, ती "हो गं, बरी आहे" म्हणते, आणि फोन संपतो. पण "बरी आहे ना" या प्रश्नाला म्हातारी माणसं दुसरं उत्तर देतच नाहीत. सणाच्या दिवशी लेकीबाळींना काळजीत कोण टाकेल? म्हणून प्रश्नच बदलायचा.

फोन पाडव्याला दुपारी चारच्या सुमाराला करा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तुमच्याकडे घाई असते आणि तिच्याकडे फटाक्यांचा आवाज. घंटी पुरी वाजू द्या, तिला उठून फोनपर्यंत यायला वेळ लागतो. नाही उचलला तर दहा मिनिटांनी परत करा.

आता बोलणं कसं व्हावं ते पाहा. बैठकीत एकीने मावशी व्हावं, दुसरीने भाची.

भाची: मावशी, मी सिन्नरहून बोलतेय. तुझ्या अक्काची थोरली.
मावशी: कोण? ऐकू नाही येत.
भाची: अक्काची थोरली, सिन्नरची. फोन दुसऱ्या कानाला लाव बरं. टीव्ही चालू आहे का?
मावशी: थांब, बंद करते. हां, बोल गं बाई!
भाची: पाडव्याचा नमस्कार करते, मावशी. आज काय शिजवलंस?
मावशी: एकटीला काय करायचं? शेजारणीने दिलाय फराळ.
भाची: आणि दुपारी जेवलीस काय?
मावशी: चहा घेतला. चकली चावत नाही आता.
भाची: साखरेची गोळी घेतलीस?
मावशी: ती सकाळीच घेतली.
भाची: मग आत्ता दूधभात खाऊन घे. मी अर्ध्या तासाने परत फोन करते. तुझ्या अनारशांचं पीठ किती दिवस मुरवायचं, तेही विचारायचंय.

सुरुवातीला भाचीने "ओळख बघू कोण?" असं विचारलं नाही. गंमत म्हणून आपण विचारतो खरं, पण फसवणारे हेच करतात. मावशी म्हणते, "पुण्याचा का रे तू?" आणि तो लगेच पुण्याचा होतो, मग दवाखान्यासाठी पैसे मागतो. आपण नातं आणि गाव सांगून बोलायची सवय लावली, की जो सांगत नाही त्याचा तिला संशय येईल.

ऐकू येत नाही म्हटल्यावर आपण ओरडतो. वय झालं की बारीक, चिरके आवाज आधी ऐकू येईनासे होतात, आणि ओरडताना आपला आवाज नेमका चिरका होतो. तेव्हा आवाज खाली ठेवा, सावकाश बोला. तेच वाक्य पुन्हा कळलं नाही तर शब्द बदला. "सात वाजता" कळत नसेल तर "दिवेलागणीला" म्हणा.

जेवणाचा प्रश्न सगळ्यात कामाचा. "एकटीला काय करायचं" याचा अर्थ बहुतेक वेळा चूल पेटलीच नाही असा असतो. साखरेची गोळी घेऊन पोट रिकामं राहिलं, तर काही गोळ्यांनी साखर फार उतरते. मग घाम येतो, हात थरथरतात, चक्कर येते. असं काही ती सांगत असेल तर आधी साखरपाणी प्यायला सांगा आणि लगेच शेजारणीला फोन करून घरात जायला सांगा. ती बोलताना अडखळत असेल किंवा काहीतरीच बोलत असेल तर फोनवर काही गिळायला सांगू नका. शेजारणीला पाठवा आणि 108 ला रुग्णवाहिका बोलवा. यासाठी शेजारणीचा नंबर दिवाळीच्या आधीच घेऊन ठेवावा लागतो. तो नसेल तर या फोनचा उपयोग अर्धाच.

अनारशांचा प्रश्न तिला उगाच खूश करायला नाही. पुढच्या फोनला काहीतरी कारण हवं असतं, नाहीतर ती म्हणते, "कशाला पैसे घालवतेस?" काही विचारायला फोन केला की ती पाच मिनिटं जास्त बोलते, आणि गुडघा सुजलाय, गॅस संपलाय ही गोष्ट त्या पाच मिनिटांतच निघते.

एक पथ्य आहे. तिच्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तर शुभेच्छा देऊ नका. "मावशी, आज काकांची आठवण आली" असं म्हणा आणि गप्प राहा. ती रडली तर रडू द्या, विषय बदलू नका. आपल्याकडे अशा घरी फराळ करत नाहीत, नातलग नेऊन देतात, तेव्हा कोण नेणार ते आधी ठरवा.

घरात कुणी त्रास देतंय, पेन्शन काढून घेतंय असं ती बोलली, तर 14567 हा ज्येष्ठांसाठीचा मोफत नंबर आहे. सकाळी 8 ते रात्री 8 लागतो. तिला विचारूनच तिथे फोन करा.

दुसरा फोन भाऊबीजेनंतर चार दिवसांनी. पाहुणे गेलेले असतात, तेव्हा घर जास्त रिकामं वाटतं. फोन ठेवताना दिवस आणि वेळ सांगा, "सोमवारी, दुपारच्या चहाला," आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती त्या वेळेला फोनजवळ बसून असेल.