घरच्या घरी छाती, कंबर व सीटचे माप

शिवणकाम नव्याने शिकणाऱ्या आपल्या भगिनी कंबरेचे माप बहुधा परकराच्या नाडीवरच घेतात. नाडी मात्र खऱ्या कंबरेच्या खाली बसते, त्यामुळे आकडा वाढतो. शरीर एका बाजूला वाकवावे. जेथे घडी पडते ती कंबर. तेथे मऊ टेप लावून, श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचावा. छाती सर्वांत भरलेल्या भागावरून, तर सीट पाय जुळवून सर्वांत रुंद भागावरून मोजावी. टेप पाठीमागे हमखास घसरते, म्हणून आरशात बघावे किंवा घरातील कोणाला पाहावयास सांगावे.

कपड्यांचेही भान असावे. तोरणमाळच्या थंडीत ४ मिलिमीटर जाडीच्या स्वेटरवरून माप घेतले, तर दोन्ही बाजू मिळून व्यास ८ मिलिमीटरने वाढतो. घेर व्यासाच्या तिपटीहून थोडा अधिक असल्याने तो सुमारे २५ मिलिमीटर, म्हणजे १ इंच वाढतो. ३४ची छाती ३५ होते!

उलट, ताणलेली जुनी टेप माप कमी दाखवते. मुलांच्या ३० सेंटिमीटरच्या पट्टीशेजारी ती न ओढता ठेवावी. पट्टीच्या टोकाशी टेपवर २९.५ दिसले, तर ३४ इंचांत अर्ध्या इंचाहून जास्त चूक होते. अशी टेप कापडाला लावू नये, अंगालाही नाही.