‘सेल’चा शेअर घ्यावा की खोल नफ्यातला कॉल?

प्रश्न : पोलाद कारखान्यात नोकरी आहे. ‘सेल’चे शेअर घ्यायचे आहेत, पण पैसे महिनाभराने हाती येतील. खोल ‘इन द मनी’ कॉल शेअरसारखाच चालतो, हे खरं का?
– एक वाचक, भिलाई

उत्तर : बऱ्याच अंशी खरं. समजा, शेअर १३० रुपयांवर आहे आणि ११० चा महिनाभराचा कॉल २१ रुपयांना मिळतोय. त्यातले २० रुपये आजच वसूल आहेत. उरलेला एक रुपया मुख्यतः ११० रुपये महिनाभर वापरायला मिळाल्याचं व्याज. भाव ११० खाली जाण्याची शक्यता कमी, म्हणून शेअर दोन रुपये हलला की कॉल साधारण १.९० रुपये हलतो. हाच डेल्टा, ०.९५. भाव ११० कडे घसरला की डेल्टाही उतरतो, म्हणून कॉल शेअरपेक्षा कमी तोटा देतो. तोटा २१ रुपयांपलीकडे जात नाही. फ्युचरमध्ये ही भिंत नसते. मात्र मुदतीला शेअर ११० खाली असेल, तर सगळा प्रीमियम बुडतो.

तुमच्यासारख्याला, म्हणजे पैसे उशिरा पण नक्की येणाऱ्याला, हे सोयीचं. मधल्या काळातला लाभांश मात्र मिळणार नाही.

खरी अडचण खरेदी-विक्रीची. खोल स्ट्राइकला गिऱ्हाईक थोडं, विकणारा २१.५० मागतो, घेणारा १९.५० देतो. म्हणून लिमिट ऑर्डरच टाका. मुदतीपर्यंत ठेवलात आणि शेअर ११० च्या वर असेल तर शेअरची डिलिव्हरी घ्यावीच लागते. लॉट ४,००० चा धरला तर ४,४०,००० रुपये हवेत, आणि ब्रोकर शेवटच्या चार दिवसांत वाढीव मार्जिन मागू लागतो. तोवर पैसे आले नसतील, तर त्याआधीच कॉल विका.