वर्तनवर्णनावरून व्यक्तिमत्त्वगुण ओळखणे

प्रास्ताविक

मागील घटकात आपण व्यक्तिमत्त्वाचे पंचघटक प्रतिमान पाहिले. अनुभवांविषयी खुलेपणा, कर्तव्यनिष्ठा, बहिर्मुखता, सहमतशीलता आणि भावनिक अस्थिरता हे त्यातील पाच गुण होत. ज्युलियन रॉटर यांनी मांडलेली नियंत्रण-स्थानाची संकल्पनाही आपण अभ्यासली. कर्मचाऱ्याच्या वर्तनावरून योग्य संज्ञा निवडण्याच्या प्रश्नांत विद्यार्थी कर्तव्यनिष्ठा आणि आंतरिक नियंत्रण-स्थान यांची वारंवार गल्लत करतात. म्हणून त्यांतील भेद येथे स्पष्ट करू.

भेदाची कसोटी

पंचघटकांतील गुण व्यक्ती सामान्यतः कशी वागते, विचार करते व भावना अनुभवते हे सांगतात. नियंत्रण-स्थान ही मात्र एक धारणा आहे. आपल्या यशापयशाचे कारण व्यक्ती स्वतःच्या प्रयत्नांत शोधते, की दैव, योगायोग वा इतरांच्या सत्तेत, हे त्यातून कळते. म्हणून वर्णन वाचताना पुढील प्रश्न विचारावा : येथे काम करण्याची रीत सांगितली आहे, की फळाचे कारण?

उदाहरण

एक लिपिक रोजच्या नोंदी त्याच दिवशी पूर्ण करतो आणि प्रत्येक फाईल तपासूनच पुढे पाठवतो. बढती मिळाल्यावर तो म्हणतो, “साहेब चांगले लाभले, म्हणून झाले. आपल्या हातात काय असते?”

पहिले वाक्य कामाची रीत सांगते. त्यावरून उच्च कर्तव्यनिष्ठा दिसते. दुसऱ्या भागात फळाचे कारण बाहेर शोधले आहे. ते बाह्य नियंत्रण-स्थानाचे लक्षण होय. मेहनती माणसाचे नियंत्रण-स्थान आंतरिकच असते, असे गृहीत धरल्यास येथे उत्तर चुकते.

मर्यादा

नियंत्रण-स्थान ही सर्वसाधारण अपेक्षा असते. वीज गेल्यामुळे काम अडले, असे कोणी म्हटले तर ते केवळ वस्तुस्थितीचे कथन असू शकते. अनेक प्रसंगांत तीच धारणा दिसली, तरच निष्कर्ष काढावा. तसेच, हे सर्व गुण कमी-अधिक प्रमाणात आढळतात. माणसांचे दोन काटेकोर गट पडत नाहीत.

स्वयं-अध्ययन प्रश्न

योग्य संज्ञा लिहा.

१. निवड न झाल्यावर प्रत्येक वेळी ती म्हणते, “माझीच तयारी कमी पडली.”
२. तो बैठकीत फारसा बोलत नाही. परंतु सहकाऱ्यांच्या अडचणीला नेहमी धावून जातो.
३. ग्राहकाने आवाज चढवला, की ती दिवसभर अस्वस्थ राहते. किरकोळ चुकीचीही तिला सतत धास्ती वाटते.

उत्तरे

१. आंतरिक नियंत्रण-स्थान. अपयशाची जबाबदारी स्वतःकडे घेणे हेही त्याचेच लक्षण आहे.
२. उच्च सहमतशीलता व कमी बहिर्मुखता. मदतीची वृत्ती आणि बोलकेपणा हे वेगळे गुण आहेत.
३. उच्च भावनिक अस्थिरता. येथे फळाच्या कारणाविषयी काहीच सांगितलेले नाही. म्हणून बाह्य नियंत्रण-स्थान हे उत्तर चूक ठरते.