कोणता आकडा ठळक छापायचा?

इब्रामपुरात काजूची झाडे घराच्या मागल्या दारापासून डोंगरापर्यंत. आमच्या शेजारची मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती, तिने प्रकल्पासाठी हीच पाने घेतली. मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून पान निरोगी आहे, ढेकण्याने टोचलेले आहे की करप्याचे, हे मॉडेलने सांगायचे. काम मेहनतीचे होते. पोस्टर सत्रात एक परीक्षक थांबले, ठळक छापलेल्या ॲक्युरसीवर बोट ठेवून त्यांनी विचारले, "हे फोटो किती झाडांचे?" पोस्टरवर न्यूरल नेटवर्कच्या थरांची आकृती होती, ट्रेनिंगचे आलेख होते, सॉफ्टवेअरचे लोगो होते. झाडांचा उल्लेख कुठेच नव्हता.

मी हाच विषय शिकवतो, म्हणून पुढच्या परिषदेआधी ती पोस्टर घेऊन आमच्या सोप्यावर आली. परीक्षकांचा प्रश्न खोचक वाटला तरी नेमका होता. एकाच झाडाची पाच-सहा पाने एकाच सकाळी टिपली, तर उजेड, मागची माती, पानाचा रंग सगळे सारखेच येते. मग फोटो पिसून काही ट्रेनिंगला, काही टेस्टला टाकले की मॉडेलला परीक्षेत ओळखीचीच झाडे भेटतात. उपाय सोपा आहे: वाटणी फोटोंची न करता झाडांची करायची. scikit-learn मध्ये `GroupShuffleSplit` त्यासाठीच आहे, फक्त प्रत्येक फोटोसोबत झाडाचा क्रमांक नोंदलेला हवा. तिच्या वहीत तो होता. नव्या वाटणीने आकडा बराच खाली आला.

"काका, हा छापला तर माझ्या पोस्टरपुढे कोण उभे राहील?"

मी तिला 2016 चा मोहंती, ह्यूज आणि सलाथे यांचा शोधनिबंध दाखवला. प्लांटव्हिलेज या संग्रहातले 54,306 फोटो, 14 पिके, टेस्टवर 99.35 टक्के ॲक्युरसी. तेच मॉडेल बाहेरून मिळवलेल्या, वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर चालवले तर ती 31 टक्क्यांच्या आसपास येते, हेही त्यांनी त्याच निबंधात लिहिले आहे. 2022 मध्ये नोयान या संशोधकाने याच संग्रहातल्या प्रत्येक फोटोच्या पार्श्वभूमीचे फक्त 8 पिक्सेल घेतले, पान बघितलेच नाही, आणि तेवढ्यावर 49 टक्के उत्तरे बरोबर आली. एकूण 38 वर्ग, नुसत्या अंदाजाने 3 टक्केही येणार नाहीत. म्हणजे रोगाची बरीच ओळख पानामागच्या कागदावरून पटत होती! मोठा आकडा सगळ्यांकडे असतो. तो का कोसळतो हे दाखवणाऱ्यापुढे जाणकार थांबतो.

मग पोस्टरच्या मधोमध काय ठेवायचे? नुसती ॲक्युरसी ठेवली असती तर पुन्हा फसगत. समजा टेस्टच्या 100 पानांत 90 निरोगी असली, तर सगळ्यांना "निरोगी" म्हणणारे मॉडेलही 90 टक्के मिळवते आणि रोगट पान एकही पकडत नाही. आम्ही तीन वर्गांची कन्फ्यूजन मॅट्रिक्स मोठी करून लावली. आडव्या ओळीत खरे निदान, उभ्या रकान्यात मॉडेलचे. तिच्यात एक गोष्ट लगेच दिसत होती: निरोगी पान बहुतेक बरोबर ओळखले जाई, गोंधळ होता तो ढेकण्या आणि करपा यांच्यात. त्याला कारणही आहे. ढेकण्या कोवळी पालवी टोचतो, तिथे काळपट चट्टे पडतात, आणि त्याच जखमेतून पुढे करप्याची बुरशी शिरू शकते. काही पाने दोन्हींची होती. लेबल मात्र एकच लावलेले. शेतकऱ्याला हा गोंधळ महाग पडतो, कारण एकाला कीटकनाशक लागते, दुसऱ्याला बुरशीनाशक. म्हणून मॅट्रिक्सच्या बाजूला चुकलेल्या पानांचे चार फोटो लावले, बरोबर ओळखलेले दोनच. शीर्षकातही पद्धतीचे नाव न देता हाच निष्कर्ष घातला.

जागा करायला काय काढले? नेटवर्कची आकृती, कारण ते तयार मिळालेले होते. त्याचे नाव एका ओळीत पुरले. ट्रेनिंगचे आलेख घडी घालून फाइलीत, विचारले तर दाखवायला. काजूच्या महत्त्वाचा परिच्छेद पूर्ण गेला. गोव्यात तो कोणाला सांगायचा?

छापण्याआधीची एक चाचणी मात्र सांगतो. A0 पोस्टर A4 कागदावर काढले की लांबी-रुंदी चौपटीने घटते. तो कागद हातभर अंतरावर धरून वाचता आला, तर भिंतीवरचे पोस्टर त्याच्या चौपट अंतरावरून वाचता येईल. मॅट्रिक्समधले आकडे पहिल्या खेपेला मुंग्यांसारखे दिसले, ते वाढवले आणि आणखी एक परिच्छेद गेला.

मोबाइल ॲपच्या चित्रावर ती शेवटपर्यंत अडून बसली होती. ॲप चालत होते, पण बागेत कोणी वापरून पाहिलेले नव्हते. त्या चौकटीत शेवटी दोन ओळी आल्या: फोटो एकाच गावचे, एकाच हंगामातले, दुसऱ्या गावच्या झाडांवर तपासणी बाकी.